कुलूप बदललं, किल्ल्या तशाच

माझी मावशी पुण्यात राहते आणि घरगुती मसाले विकते. गोडा मसाला, मेतकूट, उन्हाळ्यात सांडगे. गिऱ्हाईकं बहुतेक फेसबुकच्या पेजवरून येतात. एका शनिवारी सकाळी त्या पेजवर मेतकुटाच्या फोटोशेजारी एक पोस्ट झळकली: मावशीचा हसरा फोटो आणि खाली मजकूर, की तिनं अमुक ठिकाणी दहा हजार गुंतवले आणि तीन दिवसांत चाळीस हजार झाले. मराठीही अशी, की ‘मी खूप धन्य आहे’ वगैरे. मावशी आयुष्यात असं बोललेली नाही.

शेजारच्या मुलानं येऊन पोस्टी उडवल्या आणि फेसबुकचा पासवर्ड बदलून दिला. सगळं स्वच्छ दिसू लागलं. मंगळवारी तशाच तीन पोस्टी पुन्हा आल्या. बुधवारी मावशीचा फोन आला, “अरे, कुलूप बदललं तरी चोर घरात येतोच कसा?”

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. खात्यात शिरलेला माणूस पहिल्या तासाभरात जे करतो, त्यात स्पॅम पोस्ट सर्वांत शेवटी येते. त्याआधी तो किल्ल्या करून घेतो. आणि आपण साफसफाई करतो ती नेमकी उलट्या क्रमानं. नजरेला खुपणारी पोस्ट आधी पुसतो आणि किल्ल्यांकडे जातच नाही.

मी गेलो तेव्हा आधी विचारलं, की सुरुवात कुठून झाली. तिला आठवलं. आधीच्या गुरुवारी मेसेंजरवर एक निरोप आला होता, ‘तुमच्या पेजवर कॉपीराइटचा भंग झाला आहे, 24 तासांत अपील न केल्यास पेज बंद होईल.’ सोबत दुवा. पान हुबेहूब फेसबुकसारखं. तिनं ईमेल आणि पासवर्ड टाकला, मग फोनवर आलेला आकडाही टाकला. जीमेलला पासवर्ड तोच होता. ‘दोन दोन कुठं लक्षात ठेवायचे?’ हे तिचं म्हणणं. म्हणजे चोराला एका दुव्यात दोन घरं मिळाली.

हा सुरुवातीचा प्रश्न निरर्थक नसतो, कारण पुढचा क्रम त्यावर ठरतो. पासवर्ड फसव्या पानावर टाकला गेला असेल, तर फोन किंवा संगणक बहुधा निरोगी असतो आणि त्याच्यावरूनच साफसफाई करता येते. पण कुणी फुकटचं, कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर संगणकावर चढवलं असेल आणि त्यातून घाण आत आली असेल, तर गोष्ट वेगळी. असली घाण ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणा चोरते. आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक छोटी खूणचिठ्ठी जपून ठेवतो, म्हणून दर वेळी पासवर्ड विचारला जात नाही. ती चिठ्ठी चोराकडे गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि फोनवरचा आकडाही नाही. अशा वेळी त्याच संगणकावर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोरासमोर तिजोरी उघडून दाखवणं. तिथं आधी संगणक धुवायचा, किंवा दुसऱ्या यंत्रावरून काम करायचं. मावशी सगळं फोनवरूनच करत होती आणि फोनवर काही चढवलेलं नव्हतं, म्हणून आम्ही वाचलो.

फेसबुकवर घाण असली तरी आम्ही आधी जीमेल उघडलं. याचं कारण सोपं आहे. फेसबुकचा पासवर्ड विसरला तर नवा कुठं येतो? ईमेलवर. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीची सगळी खाती. विहीर नासलेली असताना घरातले हंडे घासून उपयोग नसतो.

गूगलच्या खात्याचं पान `myaccount.google.com` या पत्त्यावर उघडतं. तिथल्या सुरक्षेच्या भागात खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल दिसतो. मावशीच्या खात्यात फोन नंबर तिचा नव्हता. तो परदेशातला होता. दुसरा ईमेल पूर्वी काकांचा होता, तिथं आता अक्षरं आणि आकडे यांची खिचडी असलेला कुठलासा पत्ता होता. जीमेलचा पासवर्ड मात्र चोरानं मुद्दाम बदलला नव्हता. बदलला असता तर मावशी त्याच रात्री जागी झाली असती. तिला तिच्या घरात नांदू द्यायचं आणि मागच्या दाराची किल्ली आपल्याकडे ठेवायची, ही यातली चलाखी.

हा बदल होताना गूगलनं इशारा दिलाच होता. तो जुन्या दुसऱ्या ईमेलवर, म्हणजे काकांच्या पत्त्यावर गेला होता. काकांनी बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो ईमेल उघडलेला नव्हता. उघडला तेव्हा न वाचलेल्या शेकडो पत्रांच्या वर तो इशारा गुरुवार रात्रीची वेळ दाखवत बसला होता.

इथं एक मुदत ठाऊक असायला हवी. खातं परत मिळवण्याचे तपशील कुणी बदलले, तरी जुन्या नंबरवर किंवा जुन्या ईमेलवर आकडा मागवण्याची सोय गूगल साधारण 7 दिवस देऊ करतं. ते तपशील चोरीच्या आधीपासून खात्यात असायला हवेत, ही अट. आमचा बुधवार हा सहावा दिवस होता. चोरानं पासवर्डही बदलला असता, तर काकांच्या त्या विसरलेल्या ईमेलवरूनच आम्हाला `g.co/recover` या पत्त्यावर जाऊन खातं मागावं लागलं असतं, आणि तेही दोन दिवसांच्या आत. ही खटपट शक्यतो नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या जागेवरून आणि घरच्याच वायफायवरून करावी. गूगल या खुणांवरूनही माणूस ओळखतं. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर, भाच्याच्या घरी बसून केलं की नकार यायची शक्यता वाढते.

आम्ही चोराचा नंबर आणि पत्ता काढला, मावशीचा नंबर टाकला, काकांचा ईमेल टाकला आणि मग पासवर्ड बदलला. हा क्रमही मुद्दाम. आधी पासवर्ड बदलून चोराचा नंबर तसाच ठेवला, तर तो ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून त्या नंबरवरूनच परत येऊ शकतो. त्याच पानावर दुहेरी पडताळणीचा भाग असतो. तिथं चोरानं स्वतःचं पासकी किंवा कोड देणारं ॲप जोडलेलं नाही ना, हे पाहायचं. आणीबाणीसाठी गूगल 8 अंकी दहा कोड देतं. तेही नव्यानं काढून घ्यायचे, म्हणजे जुने आपोआप रद्द होतात. चोरानं ते छापून घेतले असतील की नाही याचा अंदाज करत बसू नये.

एवढं झाल्यावर मावशी म्हणाली, “पण मला एकही ईमेल कसा नाही आला? फेसबुक तर एरवी कुणाचा वाढदिवस असला तरी कळवतं.”

याचं उत्तर फोनवरच्या जीमेलमध्ये सापडत नाही. फिल्टर दिसतात ते संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या जीमेलमध्ये. सेटिंग्ज सगळ्या उघडल्या की `Filters and Blocked Addresses` असा भाग आहे. मावशीनं जन्मात फिल्टर केलेला नव्हता. तिथं एक होता:

```
from:(facebookmail.com OR accounts.google.com)
Do this: Delete it
```

अर्थ असा, की फेसबुककडून किंवा गूगलच्या खातेविभागाकडून काहीही आलं की ते परस्पर कचऱ्यात. इशारे येत होते, पण उंबऱ्यावरच नाहीसे होत होते. मला या माणसाचा राग आला, पण कसबाला दादही द्यावीशी वाटली. त्यानं पत्रं स्वतःकडे वळवण्याची सोय वापरली नव्हती, कारण तशी सोय नव्यानं चालू केली की जीमेल काही दिवस वरच्या बाजूला तशी सूचना दाखवत राहतं. नुसतं ‘उडवा’ म्हटलं की कुठलीच सूचना नाही.

फिल्टर काढण्याआधी आम्ही त्याचा फोटो घेतला, मग तो पुसला. शेजारच्या भागांतही डोकावलो. पत्रं दुसरीकडे वळवण्याचा भाग रिकामा होता. `Accounts and Import` मध्ये कुणाला खातं वापरायची परवानगी दिलेली नव्हती. तिथंच आपल्या नावानं पत्र पाठवण्याचा जो पत्ता असतो, त्याच्या आत उत्तर कुठं यावं याचा वेगळा पत्ता घालता येतो. ही जागा फार थोड्यांना माहीत असते. चोर तिथं मूळ पत्त्यात एक अक्षर इकडेतिकडे करून बनवलेला पत्ता ठेवतो. गिऱ्हाईक मावशीच्या पत्राला उत्तर देतं आणि ते चोराकडे जातं. मावशीकडे ती जागा कोरी निघाली.

त्या फिल्टरनं एक उपकार मात्र केला. कचऱ्यातली पत्रं जीमेल 30 दिवस ठेवतं. म्हणजे चोरानं लपवलेलं सगळं दप्तर तारीखवार पडलेलं होतं. शोधायच्या चौकटीत एवढंच लिहिलं:

```
in:trash from:facebookmail.com
```

सात पत्रं निघाली. गुरुवारी रात्री खात्यात नवा ईमेल जोडला गेल्याचं पत्र, शुक्रवारी पेजवर नव्या व्यक्तीला अधिकार दिल्याचं, शनिवारी पासवर्ड बदलल्याचं, आणि त्याच रात्री तो पुन्हा बदलला गेल्याचं. शेवटचं वाचताना शेजारच्या मुलाचा चेहरा पडला. त्यानं सकाळी घातलेलं कुलूप चोरानं रात्री स्वतः जोडलेल्या ईमेलवर नवी किल्ली मागवून उघडलं होतं. मावशीच्या फोनवर फेसबुक उघडं होतं ते उघडंच राहिल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

`facebookmail.com` हा पत्ता नकली वाटतो खरा, पण फेसबुकचे सुरक्षेचे ईमेल खरोखर तिथूनच येतात. शंका आली तर फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड आणि सुरक्षेच्या भागात `Recent emails` नावाची यादी असते. फेसबुकनं अलीकडे खरोखर पाठवलेली पत्रं तिथं दिसतात. जे पत्र तिथं नाही, त्यातल्या दुव्याला हात लावायचा नाही. खऱ्या पत्रात ‘हे मी केलेलं नाही’ अशा अर्थाचा दुवा असतो आणि तो झालेला बदल मागे घेण्याच्या वाटेला लावतो. खात्यात शिरताच येत नसेल तर `facebook.com/hacked` हे दार आहे.

आम्हाला शिरता येत होतं. चोराचा ईमेल संपर्काच्या तपशिलांतून काढला, पासवर्ड बदलला, कुठकुठं लॉगिन आहे त्या यादीतून सगळ्यांना बाहेर केलं आणि दुहेरी पडताळणी मावशीच्या फोनवर लावली. पण मंगळवारच्या पोस्टींचं खरं उत्तर अजून पुढंच होतं. ते पेजच्या अधिकारांच्या यादीत होतं, जिला `Page access` म्हणतात. तिथं मावशी, मी आणि एक अनोळखी बाई अशी तीन नावं होती. त्या बाईंना पूर्ण अधिकार होता. म्हणजे मावशीच्या खात्याचा पासवर्ड हजारदा बदलला असता, तरी त्या स्वतःच्या खात्यातून येऊन मावशीच्या पेजवर हवं ते टांगू शकत होत्या. ती बाई कदाचित स्वतःच आधीच्या कुठल्या फसवणुकीत खातं गमावलेली असेल. तिच्या प्रोफाइलवर नातवंडांचे जुने फोटो होते.

पूर्ण अधिकार असलेला कुणीही दुसऱ्या पूर्ण अधिकारवाल्याला काढू शकतो, म्हणून इथं विचार करत बसायला वेळ नसतो. त्यांना काढलं. जाहिरातींचं खातं पाहिलं. मावशीनं दिवाळीत दोनशे रुपयांची एक जाहिरात केली होती, त्यापलीकडे काही नव्हतं. कार्ड जोडलेलं असतं तर सगळ्यांत आधी तेच काढलं असतं.

आता राहिली जोडलेली ॲप्स, आणि इथं पासवर्डवरची आपली श्रद्धा जरा तपासून घ्यावी लागते. ‘गूगलनं साइन इन करा’ म्हटल्यावर किंवा एखाद्या ॲपला परवानगी दिल्यावर त्या ॲपला आपला पासवर्ड मिळत नाही. त्याला मिळतो एक परवाना, की या माणसाचे संपर्क वाचायला किंवा फायली उघडायला माझी हरकत नाही. 3 मे 2017 रोजी जगभर एक ईमेल पसरला होता, ‘अमक्यानं तुमच्याशी एक डॉक्युमेंट शेअर केलं आहे.’ दुवा दाबला की गूगलचंच खरं पान उघडायचं आणि ‘गूगल डॉक्स’ नावाचं ॲप परवानगी मागायचं. ॲप बनावट होतं, नाव तेवढं उसनं घेतलेलं. हो म्हटलं की ते पत्रं वाचू शकत होतं आणि आपल्याच ओळखीच्यांना तोच ईमेल धाडत होतं. गूगलनं साधारण तासाभरात ते बंद पाडलं. त्यात कुणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता.

गूगलचा पासवर्ड बदलला की जीमेल वाचण्याचे परवाने रद्द होतात. बाकीचे होतातच असं नाही. संपर्क, ड्राइव्हवरच्या फायली, यूट्यूब यांचे परवाने पासवर्ड बदलूनही जिवंत राहू शकतात. म्हणून `myaccount.google.com/connections` हे पान उघडून एकेक नाव वाचावं लागतं. मावशीच्या यादीत चौदा नावं निघाली. एक रेल्वेचं तिकीट दाखवणारं, एक ‘तुम्ही म्हातारपणी कसे दिसाल’वालं, नातवानं खेळासाठी जोडलेली चार. आणि एक नुसतंच ‘मेल बॅकअप’ नावाचं, संपर्क आणि ड्राइव्हचा परवाना असलेलं, गुरुवार रात्रीच्या तारखेचं. नावं अशीच भारदस्त आणि कंटाळवाणी असतात. नावाकडे नाही, तारखेकडे आणि परवान्याकडे पाहायचं. ते काढलं, म्हातारपणवालंही काढलं. “त्याची आता गरज नाही,” मावशी म्हणाली.

परवाना काढला म्हणजे पुढचं वाचन थांबतं. आधी उतरवून घेतलेलं परत येत नाही. मावशीच्या गिऱ्हाइकांचे तीनशेच्या वर नंबर त्या ॲपनं नेले असणार, असं धरूनच चालावं लागलं. चोरानं काही संपर्क पुसले असते तर ते मात्र परत आणता आले असते. गूगलच्या संपर्कयादीत 30 दिवसांपर्यंत मागच्या स्थितीला जाता येतं.

फेसबुकवरची ॲप्सची यादीही अशीच पाहायची. तिथं व्यवसायासाठी जोडलेल्या साधनांची यादी वेगळी असते, `Business integrations` नावाची. पेज चालवणाऱ्यानं दोन्ही उघडाव्यात.

हे सगळं झाल्यावर, दुपारच्या चहानंतर, आम्ही पोस्टींकडे वळलो. पुसण्याआधी प्रत्येकीचा स्क्रीनशॉट, पत्त्यासकट आणि वेळेसकट. मावशीला हे पटेना. तिला ती घाण एक क्षणही नको होती. पण एका गिऱ्हाइकानं त्या पोस्टीवर विश्वास ठेवून अडीच हजार रुपये पाठवले होते. त्याला तक्रार करायची तर पुरावा मावशीच्याच पेजवर होता. पैसे गेलेल्यानं जितक्या लवकर 1930 वर फोन करावा तितकं बरं, कारण पैसा पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आला तरच हाती लागतो. मावशीनं स्वतःची तक्रार `cybercrime.gov.in` वर नोंदवली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे. चोर सापडेल अशी आशा मी तिला लावली नाही. पण उद्या कुणी ‘तूच लुबाडलंस’ म्हणून आलं, तर तारखेसकट कागद हाती असतो.

पोस्टी एकेक शोधत बसण्यापेक्षा `Activity log` उघडावा. पेजचा वेगळा आणि मावशीच्या खात्याचा वेगळा. पेजच्या भिंतीवर अकरा पोस्टी होत्या, त्या दिसत होत्या. पण मावशीच्या नावानं सहा ग्रुपमध्ये प्रतिक्रिया टाकल्या होत्या, त्यात एक तिच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा. त्या या नोंदीशिवाय सापडल्या नसत्या. पुसलेल्या पोस्टी लगेच नाहीशा होत नाहीत, 30 दिवस कचरापेटीत राहतात. चोर परत शिरला तर त्या परत टांगू शकतो, म्हणून पेटीही रिकामी केली.

आणि एक जागा जवळजवळ सगळे विसरतात. पेजवर पोस्टी आधी लिहून पुढच्या तारखेला आपोआप प्रसिद्ध होतील अशा ठेवता येतात. ‘मेटा बिझनेस सूट’मध्ये ठरवून ठेवलेल्या पोस्टींची यादी असते. त्यात पुढच्या रविवारसाठी दोन पोस्टी तयार होत्या. त्या सुटल्या असत्या, तर रविवारी सकाळी मावशीनं मला परत बोलावलं असतं आणि आम्ही दोघं नसलेला चोर शोधत बसलो असतो.

मेसेंजरवरून चाळीसेक जणांना निरोप गेले होते. ते मागे घेता येतील तेवढे घेतले, पण वाचलेलं न वाचलेलं होत नाही. मावशीनं त्या चाळीसांना फोन केले. लिहून कळवलं तर ‘हे तरी तूच लिहिलंस कशावरून?’ असं एका वहिनींनी विचारलंच होतं.

पेजवर तिनं झाला प्रकार जाहीर केला, तेव्हा खाली तासाभरात तीन सहानुभूतीच्या प्रतिक्रिया आल्या, ‘माझंही असंच झालं होतं, इन्स्टाग्रामवर अमक्या भाऊंना भेटा, त्यांनी खातं मिळवून दिलं.’ ही दुसरी टोळी. खातं गेलेल्या माणसाकडून फी घेणारी, कधी पुन्हा पासवर्ड मागणारी. तिन्ही प्रतिक्रिया पुसल्या.

पंधरा दिवसांनी मी सहज फोन केला. मावशी आता दर रविवारी त्या याद्या स्वतः तपासते, वहीत खुणा करते. “परवा पेजच्या यादीत अजून एक नाव होतं बघ,” ती म्हणाली, “पूर्ण अधिकारवालं. पोस्ट एकही नाही, नुसतं बसलेलं. काढून टाकलं.”

मी माझं पेज उघडून पाहिलं. ते नाव माझं होतं.